काढा, अर्क आणि दावा : रेशी अळंबीविषयी प्रस्तावना

लाखेच्या तकाकीची, तांबूस-तपकिरी आणि लाकडासारखी कठीण अशी रेशी नावाची अळंबी गेल्या काही वर्षांत औषधविक्रेत्यांच्या फडताळांत, कॉफीच्या पुड्यांत, कॅप्सूलच्या डब्यांत आणि ड्रॉपर लावलेल्या काचेच्या बाटल्यांत येऊन बसली आहे; आणि तिच्याबरोबर एक वादही आला आहे. एक पक्ष म्हणतो की ही अळंबी पाण्यात उकळल्याखेरीज तिचा गुण उतरत नाही; दुसरा म्हणतो की तिचे खरे सत्त्व मद्यार्कातच विरघळते; तिसरा दोन्ही रीतींचा संयोग करून आपला माल सर्वांगपूर्ण असल्याची ग्वाही देतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ज्या प्रश्नावर घेणाऱ्याचे सारे हिताहित अवलंबून आहे तो प्रश्न, म्हणजे आपल्या रोजच्या मात्रेत मूळ अळंबी किती ग्रॅम उतरली आणि माणसांवर ज्याची परीक्षा झाली तोच हा पदार्थ आहे की नाही, हे तिघेही बहुधा बाजूस ठेवतात. पुढील प्रकरणांकडे वळण्यापूर्वी वाचकाच्या हाती हा हिशेब द्यावा, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

प्रथम या वस्तूची ओळख. चीनमधील ‘शेन्नोंग बेनत्साओ जिंग’ या प्राचीन औषधिग्रंथात तिचे रंगपरत्वे सहा प्रकार नमूद असून श्रेष्ठ वर्गातील औषधींत तिची गणना केलेली आहे. तेथील परंपरेत ती चकत्या करून दीर्घकाळ उकळून काढ्याच्या रूपाने दिली जाते, आणि चीनच्या अधिकृत औषधसंहितेत तिची दैनिक मात्रा ६ ते १२ ग्रॅम वाळलेली अळंबी अशी दिलेली आहे. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढील सारा ताळा त्याच्याशीच घालावयाचा आहे. युरोपात या वर्गातील अळंबीचे शास्त्रीय वर्णन १७८१ साली इंग्लंडमधील नमुन्यावरून झाले, पुढे १८८१ साली फिनलंडच्या कार्स्टेन या शास्त्रज्ञाने ‘गॅनोडर्मा’ ही प्रजाती स्थापन केली, आणि शंभरांहून अधिक वर्षे पूर्वेकडील अळंबीलाही ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ हेच इंग्लिश अळंबीचे नाव लावले गेले. पूर्व आशियात लागवडीखाली असलेली जात वेगळी आहे असे ठरून तिला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ हे नाव मिळाले ते २०१२ साली. म्हणून जुन्या प्रयोगांच्या कागदपत्रांत आणि आजच्या लेबलांवर एकच नाव असले तरी वस्तू एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय रानात ही अळंबी दुर्मिळ असे; १९७० नंतरच्या दशकात जपानमध्ये लाकडाच्या भुशावर तिची पद्धतशीर लागवड साधली, तेव्हापासूनच ती सर्वसाधारण व्यापाराची वस्तू झाली.

आपल्याकडे गॅनोडर्मा अनोळखी नाही. माडाच्या बुंध्याशी उगवणाऱ्या त्याच्या तांबूस छत्र्या म्हणजे मुळे सडत चालल्याची खूण, हे नारळाच्या बागाइतदारांना ठाऊक आहे. परंतु या प्रजातीतील जातींची ओळख नुसत्या नजरेने निश्चित होत नाही. सबब बुंध्यावरून काढून आणलेली छत्री ‘हीच रेशी’ म्हणून उकळून पिण्याचा प्रयोग कोणी करू नये. आपल्या प्रदेशाची स्वतःची औषधी अळंबी म्हणजे फणसाच्या झाडावरील कठीण फणसोंबा होय; ती सहाणेवर पाण्यात उगाळून तिचा लेप लहान मुलांच्या तोंडाच्या विकारांवर लावण्याचा प्रघात सह्याद्रीच्या परिसरात आहे. तेथेही माध्यम पाणीच आहे, आणि दावा तोंडाच्या विकारापुरताच आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता पाणी आणि मद्यार्क यांच्याकडे वळू. अळंबीच्या पेशींच्या भिंती कायटिन आणि बीटा-ग्लुकान यांच्या बनलेल्या असतात. यांपैकी बीटा-ग्लुकान ही ग्लुकोजचे असंख्य घटक एकमेकांस जोडून झालेली लांबलचक बहुशर्करा असून आपल्या शरीरातील काही संरक्षक पेशींवर तिला ओळखणारी ग्राहके असतात, आणि प्रतिकारशक्तीसंबंधी जे काही बोलले जाते त्याचा पाया बहुतांशी येथे आहे. थंड पाण्यात ती फारशी सुटत नाही. उकळत्या किंवा उकळीच्या जवळच्या पाण्यात मात्र दोन-तीन तास ठेवल्यास भिंती सैल पडून तिचा विद्राव्य भाग बाहेर येतो, आणि राहिलेला चोथा पुन्हा एकदा उकळल्यास आणखी काही हाती लागतो. दुसऱ्या बाजूस ट्रायटर्पीन नावाचा संयुगांचा एक मोठा परिवार आहे. त्यातील गॅनोडेरिक आम्ले १९८२ साली प्रथम वेगळी काढण्यात आली आणि आजवर अशी शंभराहून अधिक संयुगे या प्रजातीत सापडली आहेत. रेशीचा कडूपणा तो यांचाच. ती पाण्यापेक्षा मद्यार्कात कितीतरी सहज विरघळतात. तथापि पाण्यात ती अजिबात उतरत नाहीत असे मानणे चुकीचे होय, कारण तसे असते तर रेशीचा साधा काढा इतका कडू लागता ना.

या दोन द्रव्यगणांच्या स्वभावात केवळ भेद नाही, विरोधही आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळेच दुहेरी अर्काविषयी पुष्कळ भोळसट लिखाण होते. प्रयोगशाळेत बहुशर्करा वेगळी करावयाची झाल्यास आटवलेल्या काढ्यात त्याच्या तीन-चार पट तीव्र मद्यार्क घालून तो रात्रभर थंड जागी ठेवतात. सकाळी पांढुरके-तपकिरी पुंजके तळाशी बसलेले दिसतात आणि ते गाळून घेतात. म्हणजे जो मद्यार्क ट्रायटर्पीनांना विरघळवतो तोच बहुशर्करेला द्रावणातून हुसकावून लावतो. दोन्ही एका बाटलीत नांदवावयाची तर मद्यार्काचे प्रमाण असे राखावे लागते की तो मिश्रण नासू देणार नाही, पण बहुशर्करेला खालीही बसवणार नाही; अनुभवी अर्ककार यासाठी शेकडा २५ ते ३० हे प्रमाण धरतात. शेकडा २० च्या खाली गेल्यास अर्क टिकण्याची खात्री राहत नाही.

हा हिशेब एका उदाहरणाने पुरता सोडवून पाहू. वाळलेल्या रेशीच्या १०० ग्रॅम पातळ चकत्या घेतल्या, आणि घरगुती माणसाला कायदेशीर रीतीने मिळणारे माध्यम म्हणून शेकडा ४२.८ मद्यार्काची व्होडका ६०० मिलिलिटर घेतली असे समजू. (दुकानात मिळणारे डिनेचर्ड स्पिरिट या कामी कदापि वापरू नये, त्यात मिथेनॉलसारखे विषारी द्रव्य मिसळलेले असू शकते आणि ते गाळून वा उकळून खात्रीने निघत नाही.) चकत्या काचेच्या बरणीत बुडवून, झाकण घट्ट लावून, बरणी रोज हलवीत तीन-चार आठवडे ठेवावयाची, मग कापडातून पिळून घ्यावयाची. चोथ्यात सुमारे १५० मिलिलिटर द्रव अडकून राहते, हाती साधारण ४५० मिलिलिटर येते, आणि त्यात शुद्ध मद्यार्क सुमारे १९३ मिलिलिटर असतो. मद्याने भिजलेला चोथा थेट गॅसच्या ज्योतीवर चढवणे धोक्याचे आहे. तो उघड्या हवेत, आगीपासून दूर, वास उडेपर्यंत पसरून ठेवावा. नंतर दोन लिटर पाण्यात तो मंद आचेवर दोन तास उकळावा, गाळावा, पुन्हा दीड लिटर पाण्यात तितकाच उकळावा आणि दोन्ही काढे एकत्र करून आटवावे.

किती आटवावे, हा येथे कळीचा प्रश्न आहे. काढा ६०० मिलिलिटरवर थांबवून अर्कात मिसळला, तर एकूण १०५० मिलिलिटरांत मद्यार्क अवघा शेकडा १८ होतो आणि काही आठवड्यांत बाटलीवर बुरशीची साय किंवा आंबल्याचा वास येण्याची भीती राहते. तोच काढा ३०० मिलिलिटरपर्यंत आटवला, तर एकूण ७५० मिलिलिटर होऊन मद्यार्काचे प्रमाण सुमारे शेकडा २६ वर येते. मिसळताना काढा पूर्ण निवलेला असावा आणि मद्यार्काची धार त्यात हळूहळू सोडून ढवळीत राहावे. उलट केल्यास, म्हणजे मद्यार्कात काढा ओतल्यास, पहिल्या थेंबांना तीव्र मद्यार्क भेटून त्यांतील बहुशर्करा तत्काळ गोठते. इतकी काळजी घेऊनही मिश्रण गढूळ होतेच, कारण पाण्याने पातळ झालेल्या मद्यार्कातून ट्रायटर्पीनांचाही काही भाग बाहेर पडतो. हा गाळ दोष नव्हे. तो गाळून टाकणे हा दोष होय. बाटली घेण्यापूर्वी हलवावी, एवढेच.

आता या निगुतीने केलेल्या बाटलीचा ताळा मघाच्या मात्रेशी घालू. १०० ग्रॅम अळंबी ७५० मिलिलिटरांत उतरली, म्हणजे एका मिलिलिटरामागे ०.१३ ग्रॅमच्या आसपास. बाजारातील ड्रॉपर-बाटल्यांवर दिवसाला एक-दोन ड्रॉपर घेण्याची सूचना असते. दोन ड्रॉपर म्हणजे सुमारे दोन मिलिलिटर धरल्यास मूळ अळंबी पाव ग्रॅमाच्या थोडी वर भरते. चिनी संहितेच्या किमान ६ ग्रॅम मात्रेला पोचण्यासाठी रोज ४५ मिलिलिटर अर्क घ्यावा लागेल, आणि त्याबरोबर सुमारे १२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, म्हणजे तीस मिलिलिटरचा जवळजवळ एक पेग, पोटात जाईल. १२ ग्रॅमच्या मात्रेला तो दुप्पट. याचे दोनच अर्थ संभवतात: एक तर परंपरेतील मात्रा वीसपट अनावश्यक होती, ज्याला कोणताही पुरावा नाही, अथवा ड्रॉपरमधील थेंब त्या परंपरेचा दाखला देण्यास पात्र नाहीत. पाणी की मद्यार्क या वादात दिवस घालवणाऱ्या ग्राहकाने हा साधा भागाकार आधी केला, तर त्या वादाचे महत्त्व त्याच्या लेखी आपोआप कमी होईल. ज्याला परंपरेच्या जवळ राहावयाचे आहे त्याच्यासाठी चकत्यांचा साधा काढा हाच स्वस्त, स्पष्ट आणि मोजता येणारा मार्ग आहे.

कॅप्सूल आणि भुकटी यांच्या बाबतीत हिशेब वेगळ्या ठिकाणी चुकतो. काढा आटवून, फवारून वाळवून केलेली भुकटी ही सकस वस्तू असू शकते. परंतु लेबलावरील ‘१०:१’ या गुणोत्तरावरून एवढेच कळते की दहा भागांपासून एक भाग केला, त्या एका भागात काय शिल्लक आहे ते कळत नाही. ‘पॉलिसॅकराइड शेकडा ४०’ हा मजकूर तर अधिकच फसवा ठरू शकतो, कारण प्रचलित साध्या चाचणीत सर्व शर्करा एकत्र मोजल्या जातात आणि भुकटी मोकळी राहावी म्हणून मिसळलेले माल्टोडेक्स्ट्रिन किंवा धान्याचा स्टार्चही त्याच रकान्यात जमा होतो. खरी रुजवात बीटा-ग्लुकानच्या स्वतंत्र, विकरांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीने होते; तीत एकूण ग्लुकानमधून स्टार्चसारख्या अल्फा-ग्लुकानची वजाबाकी केलेली असते. म्हणून लेबलावर ‘पॉलिसॅकराइड’ नव्हे, तर ‘बीटा-ग्लुकान’ असा आकडा शोधावा. ज्या मालात अळंबीची छत्री नसून धान्यावर वाढवलेले मायसेलियम, म्हणजे तंतुजाल, धान्यासकट दळलेले असते, त्याची ओळख घरीही पटू शकते: चिमूटभर भुकटी पाण्यात उकळून, निववून, त्यात औषधाच्या दुकानातील आयोडीनचे दोन थेंब टाकावेत, गडद निळा-काळा रंग आला की भुकटीत स्टार्च भरपूर आहे असे समजावे. रंग न आल्याने मात्र माल्टोडेक्स्ट्रिन नसल्याचे सिद्ध होत नाही. दुसरी कसोटी जिभेची: छत्रीपासून केलेली रेशी कडू असते, जी मुळीच कडू नाही तिच्यात ट्रायटर्पीने नाममात्रच असणार.

हा संशय निराधार नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १९ रेशी-उत्पादनांची तपासणी करून तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी अवघी पाच उत्पादने लेबलाशी जुळणारी निघाली, आणि उरलेल्यांत एक तर ट्रायटर्पीनांचा ठसा जुळत नव्हता किंवा बहुशर्करेचा साचा स्टार्चसारखा दिसत होता.

वस्तू खरी आहे असे धरले तरी दाव्याचा प्रश्न उरतोच. कर्करोगावर रेशीचा उपयोग किती, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली घेतला आणि २०१६ साली तो अद्ययावत केला. निकषांत बसणारे प्रयोग पाच आणि त्यांतील रुग्ण एकूण ३७३. निष्कर्ष असा की रेशी हा पहिल्या पसंतीचा उपचार म्हणून वापरण्यास पुरेसा आधार नाही. रूढ उपचारांना जोड म्हणून तिचा विचार करता येईल, कारण प्रतिकारशक्तीच्या काही निर्देशकांत आणि काही रुग्णांच्या जीवनमानात फरक दिसला. परंतु रुग्ण दीर्घकाळ जगले की नाही याची नोंद या प्रयोगांत नव्हती. मधुमेहाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात ८४ रुग्णांवर सोळा आठवडे, रोज तीन ग्रॅमची मात्रा ठरवून केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित प्रयोगात रक्तातील साखरेवर काहीही परिणाम आढळला नाही. नकारार्थी असला तरी हा निकाल मौल्यवान आहे, कारण त्यात मात्रा ठरलेली होती, तुलनेसाठी निष्क्रिय औषध घेणारा गट होता, आणि जाहिरातीत वारंवार वापरला जाणारा दावाच त्यात तपासला गेला.

याउलट जपानने दोन अळंब्यांच्या द्रव्यांना औषध म्हणून रीतसर मान्यता दिली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे: ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या अळंबीपासून केलेले क्रेस्टिन १९७७ साली, आणि शिताकेपासून काढलेले लेंटिनान १९८५ साली. दोन्ही गरम पाण्याने काढलेली, शुद्ध केलेली आणि ठरलेल्या मात्रेची द्रव्ये. दोन्हींचा उपयोग कर्करोगाच्या रूढ उपचारांच्या जोडीला होत असे. आणि लेंटिनान तर शिरेतून टोचण्याचे औषध. या उदाहरणाचा आधार घेऊन शिताकेची गोळी गिळणाऱ्यास तोच गुण येईल असे म्हणणे म्हणजे एका दस्तऐवजावरील मोहोर दुसऱ्यावर उमटवणे होय. हीच गोष्ट परीक्षानळीतील प्रयोगांची. तेथे पेशींवर अर्क थेट ओतला जातो. तोंडाने घेतलेल्या ट्रायटर्पीनांपैकी रक्तात पोचणारा अंश अत्यल्प असतो, आणि बीटा-ग्लुकानचे प्रचंड रेणू बहुधा रक्तात जातच नाहीत, आतड्याच्या भिंतीशी असलेल्या संरक्षक पेशींशीच त्यांचा व्यवहार होतो.

इतर अळंब्यांनाही हाच न्याय लागू आहे. ‘लायन्स मेन’ या अळंबीवर जपानमध्ये झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वारंवार पुढे केला जातो; त्यात स्मरणशक्ती किंचित मंदावलेल्या सुमारे तीस वृद्धांपैकी निम्म्यांना सोळा आठवडे रोज तीन ग्रॅम अळंबीच्या गोळ्या देण्यात आल्या आणि त्यांचे चाचणीतील गुण वाढले, पण गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा घसरले. लक्षात घ्यावे की ती छत्रीची नुसती वाळवलेली भुकटी होती, पाण्याचा वा मद्याचा अर्क नव्हे. आणि तरीही तिचा दाखला आज थेंबांच्या बाटल्यांवर दिला जातो.

शेवटी अपायांविषयी. परंपरेने निरुपद्रवी मानलेली वस्तू भुकटीच्या रूपात, मोठ्या मात्रेत, महिनोन् महिने घेतली जाते तेव्हा तिची जुनी कीर्ती हमी म्हणून पुरत नाही. रेशीची भुकटी घेऊ लागल्यानंतर यकृताला तीव्र इजा झाल्याच्या नोंदी हाँगकाँगमधून २००४ साली आणि थायलंडमधून २००७ साली प्रसिद्ध झाल्या, आणि थायलंडमधील रुग्ण दगावला. कार्यकारणसंबंध निर्विवाद सिद्ध झालेला नसला तरी डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे अशी चिन्हे दिसताच भुकटी बंद करून यकृताची तपासणी करावी. चागा या अळंबीत ऑक्झलेट विपुल असते. तिची भुकटी रोज चार-पाच चमचे सहा महिने घेतलेल्या एका जपानी वृद्धेची मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद २०१४ सालची आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय रेशीला हात लावू नये. तसेच कर्करोग किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने निषिद्ध आहे, हे ठाऊक असलेला ग्राहक अशी जाहिरात करणाऱ्याचा बाकीचा मजकूरही किती विश्वसनीय असेल ते ओळखू शकेल.

तेव्हा आज प्रामाणिकपणे करता येण्याजोगा दावा असा : रेशीच्या गरम पाण्यातील काढ्यात बीटा-ग्लुकान उतरते आणि ते प्रतिकारसंस्थेच्या काही निर्देशकांवर परिणाम करू शकते, मद्यार्कात ट्रायटर्पीने अधिक उतरतात, पण माणसांत त्यांचा उपयोग अद्याप सिद्ध झालेला नाही, कर्करोगाच्या रुग्णाला रूढ उपचार चालू असताना, डॉक्टरांच्या माहितीत, जोड म्हणून तिचा विचार करता येईल, आणि कोणत्याही रोगावर, रूढ औषध थांबवून, ती घेण्यास आधार नाही. पुढील प्रकरणांत ज्या ज्या अळंबीचे वर्णन आहे तिच्यापाशी वाचकाने हे चार प्रश्न विचारावेत : जात कोणती, छत्री की तंतुजाल, दिवसाच्या मात्रेत मूळ अळंबी किती ग्रॅम, आणि हेच रूप या मात्रेत कोणावर तपासले गेले. चारही उत्तरे मिळाली तर पाणी की मद्यार्क हा प्रश्न बहुतेक वेळा स्वतःच सुटलेला आढळेल, आणि एकही उत्तर न देणाऱ्या बाटलीवर पैसे खर्च करण्याचे कारण उरणार नाही.